नकाशावरच्या टिकल्या

परवा शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेला नकाशा पाहून थबकल्याच.

"अगं बाई, हे काय? नाशिकला गोवर आलाय की काय?"

त्यांचंही बरोबरच होतं. नकाशावर लाल, हिरव्या, काळ्या अशा साठेक टिकल्या चिकटवलेल्या आहेत. टिकल्या खऱ्याच, कपाळावर लावायच्या. पाकिटातल्या उरलेल्या, न शोभणाऱ्या टिकल्यांचा याहून चांगला उपयोग मला आजवर सापडलेला नाही. वहिनींना बसवून सगळी हकिकत सांगितली. त्यांच्या सुनेलाही नोकरी हवी आहे. जाताना त्या विरजण विसरल्या, पण "हे एकदा लिहून काढा," असं बजावून गेल्या. म्हणून हा खटाटोप.

मी एका खाजगी शाळेत तासिका तत्त्वावर शिकवते. गेल्या वर्षी जूनमध्ये आमच्या शाळेतली एक तुकडी कमी झाली आणि माझे तास निम्म्यावर आले. म्हणजे हातात येणारे पैसेही निम्म्यावर आले. ह्यांच्या पगारातला मोठा वाटा घराच्या हप्त्यात जातो, आणि सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी पुढच्या हिवाळ्यापर्यंतच लांबवता येईल म्हणून सांगितलेलं. घाईघाईनं वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून मी नाशिकरोडच्या एका ऑफिसात नोकरी धरली. पगार तेरा हजार. वेळ साडेनऊ ते सहा.

आम्ही राहतो सिडकोत, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. जायला बस, मग रिक्षा, येताना तेच. रोजचे नव्वद रुपये. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर दोन हजार तीनशे चाळीस. मुलगी शाळेतून पावणेसहाला येते, तिला संध्याकाळी बघायला एका बाईंकडे ठेवावं लागे, त्यांचे अडीच हजार. तेरातले आठ हजार एकशे साठ उरले, आणि त्यासाठी मी सकाळी आठला घराबाहेर पडून सव्वासातला परतत होते. हा हिशेब मी नोकरी धरण्याआधी मांडायला हवा होता. मांडला तो नोकरी सोडताना.

सोडण्याचं निमित्त झालं ऑगस्टमधल्या एका पावसाचं. रस्ते तुंबले, बस मिळेना, घरी पोहोचायला सव्वाआठ झाले. सासूबाई लंगडत जाऊन मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी गणवेशातच सोफ्यावर झोपली होती. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

रात्री हे म्हणाले, "जवळपास काही मिळतंय का बघ ना."

मी विचारलं, "जवळपास म्हणजे कुठे?"

त्यांनाही सांगता येईना आणि मलाही. खरं म्हणजे आम्हा दोघांना लाज वाटावी अशी ही गोष्ट. सिडकोच्या एका अंगाला सातपूरची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला अंबडची. या कारखान्यांतल्या माणसांना राहायला जागा हवी, म्हणून तर सिडकोनं ही घरं उभी केली. अकरा वर्षं मी इथे राहते, सकाळी सातच्या पाळीला जाणाऱ्या मोटारसायकलींचा आवाज ऐकून दूध तापायला ठेवते. पण त्या गाड्या नेमक्या जातात कुठे, तिथे काय बनतं, बायका काम करतात की नाही, यातलं काहीही मला ठाऊक नव्हतं. मला "एमआयडीसी" हा एकच शब्द माहीत होता, आणि तो एक मोठा, धुरकट ठिपका होता.

तो ठिपका फोडायचा असं मी ठरवलं.

पहिल्यांदा मुलीच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं. शहराचा छापील नकाशा आणून दारामागे लावला आणि आमचं घर मध्यभागी धरून पाच किलोमीटरचं एक वर्तुळ काढलं. मग एमआयडीसीच्या midcindia.org या संकेतस्थळावरून आपल्या जिल्ह्यातल्या औद्योगिक क्षेत्रांची नावं उतरवून घेतली. त्यांत सातपूर आणि अंबड ही दोन्ही माझ्या वर्तुळाच्या आत निघाली. सहकारी तत्त्वावरच्या औद्योगिक वसाहती या यादीत येतीलच असं नाही. त्या वेगळ्या शोधाव्या लागतात. सातपूरलाच अशी एक जुनी सहकारी वसाहत आहे. जिल्हा उद्योग केंद्रात या दोन्हींची चौकशी करता येते. शिवाय कारखानदारांच्या संघटना असतात, आमच्याकडे 'निमा' आणि 'आयमा'. त्यांच्याकडे सभासद कारखान्यांची यादी असते. ती नुसती चाळायला मिळाली तरी कोण काय बनवतं ते कळतं.

फोनवरचा नकाशा मी मुद्दाम नंतर उघडला. त्यात कंपन्यांची नावं भराभर दिसतात हे खरं, पण त्यावर विसंबून मी पहिल्याच फेरीत फसले. फोनवर ठळक दिसणारी एक कंपनी बघायला गेले, तर फाटकाला गंजलेलं कुलूप आणि आत कमरेएवढं गाजरगवत. पानटपरीवाल्यानं सांगितलं, "ते कधीच सिन्नरला गेले, ताई." म्हणून नियम केला, की डोळ्यांनी पाहिल्याखेरीज टिकली लावायची नाही.

पहिली फेरी मी काढली ती शनिवारी. त्या दिवशी शाळा साडेदहाला सुटते, म्हणजे हाताशी वेळ. उन्हातून स्कूटर घेऊन अंबडला पोहोचले तर रस्ते ओस. फाटकं बंद. एका वॉचमनकाकांना विचारलं तर ते हसायलाच लागले.

"ताई, आज शनिवार. आज कंपन्यांना सुट्टी."

आमच्याकडे सातपूर-अंबडच्या पुष्कळ कारखान्यांची आठवड्याची सुट्टी शनिवारी असते आणि रविवारी काम चालतं. पिंपरी-चिंचवडकडे ती गुरुवारी असते. नोकरी शोधणाऱ्या बाईनं आपल्या वसाहतीचा सुट्टीचा वार सगळ्यात आधी विचारून घ्यावा. फेरी फुकट जाते म्हणून तर खरंच. पण या वारावर घरची सगळी घडी अवलंबून असते. ते पुढे सांगतेच.

नंतरच्या चार फेऱ्या मी मधल्या वारी, सकाळी अकराच्या सुमारास काढल्या. एका फेरीला एकच भाग घ्यायचा. एमआयडीसीत प्लॉटचे पत्ते इंग्रजी अक्षरांवर असतात: ए, बी, सी, डी असे गट आणि पुढे क्रमांक. मी फिरले त्या भागात डब्ल्यू अक्षराचे प्लॉट लहान होते, एकाला एक लागून. पहिल्या अक्षरांचे लांबरुंद, बाग आणि बस असलेले. एकदा हे ध्यानात आलं की हरवायला होत नाही, आणि पत्त्यावरूनच कारखाना केवढा असेल त्याचा अंदाज येतो.

वहीत मी प्रत्येक फाटकापाशी चार गोष्टी टिपत होते. नाव, काय बनतं, फाटकावर "पाहिजेत" ची पाटी आहे का, आणि गाड्यांच्या स्टँडमध्ये किती गाड्या आहेत. ही शेवटची गोष्ट मला आपोआप सुचली, पण तीच सगळ्यात उपयोगी पडली. स्टँडमध्ये दहा गाड्या म्हणजे साधारण दहा-पंधरा माणसं. आणि त्यांत बायकांच्या स्कूट्या किती, हे मोजलं की आत बायका काम करतात का ते कुणालाही न विचारता कळतं. एका कारखान्यात चाळीस मोटारसायकली आणि एकही स्कूटी नव्हती. दुसरीकडे, वायर कापून, टोकांना टर्मिनल बसवून त्यांच्या जुड्या बांधणाऱ्या एका लहान युनिटमध्ये सतरा स्कूट्या आणि तीनच मोटारसायकली! वायर-हार्नेसचं हे काम बैठं, बारीक आणि नजरेचं असतं. त्यात बायका फार आहेत. त्याला पदवी लागत नाही, आठवडा-दोन आठवड्यांत हात बसतो.

कारखाना चालू आहे की नावापुरता, हेही बाहेरून ओळखता येतं. फाटकाशी टायरच्या ताज्या खुणा, टेम्पोत चढणारा माल, कोपऱ्यात भंगाराचा ताजा ढीग, चहाची किटली घेऊन आत जाणारा पोऱ्या. हे दिसलं तर समजावं, आत काम आहे.

अशी एकूण एकसष्ट फाटकं झाली. घरी येऊन टिकल्या लावल्या. जिथे फक्त पाळ्यांचं काम, तिथे लाल. जिथे जनरल शिफ्ट, म्हणजे सकाळी नऊच्या आसपास सुरू होऊन साडेपाच-सहाला सुटणारी, तिथे हिरवी. बंद किंवा संशयास्पद, तिथे काळी. सासूबाई पाटावर बसून टिकल्या सोलून देत होत्या. म्हणाल्या, "बरी गं, लग्नात रुखवताला असंच चिकटवायचो."

टिकल्या लागल्यावर जे वहीत दिसत नव्हतं ते नकाशावर दिसलं. एक-दोन मोठ्या कंपन्यांच्या भोवती लहान युनिटांचा घोळका होता. नाशिकला विजेचे स्विचगिअर आणि मोटारींचे भाग करणारे मोठे कारखाने आहेत. ते सगळंच आपल्या छपराखाली करत नाहीत. पत्र्याचे डबे एकाकडून, रंगकाम दुसऱ्याकडून, वायरिंग तिसऱ्याकडून, पुठ्ठ्याची खोकी चौथ्याकडून. हे "व्हेंडर" लोक मोठ्या कंपनीच्या जवळच जागा धरतात, कारण माल रोज पोचवायचा असतो. मोठी कंपनी माणसं घेते ती बहुतेक शिकाऊ उमेदवार म्हणून किंवा ठेकेदारामार्फत. लहान युनिटवाला वर्तमानपत्रात जाहिरात देत नाही; दिली तर शंभर अर्ज येतात आणि ते वाचायला त्याच्याकडे माणूस नसतो. तो फाटकावर पाटी लावतो किंवा आहेत त्या कामगारांना सांगतो, "कुणी असेल तर बघा रे." म्हणजे माझ्यासारखीला काम मिळायचं ते या घोळक्यात, आणि तिथली खबर घरी बसून कधीच कळली नसती.

एकसष्टपैकी सात ठिकाणी पाट्या होत्या. पाच ठिकाणी वेल्डर, फिटर, हेल्पर हवे होते. दोन ठिकाणी ऑफिसकाम.

ऑफिसांचे पट्टे मी वेगळे पाहिले. शरणपूर रोड, कॉलेज रोड, मुंबई नाका या भागांत मोठमोठी व्यापारी संकुलं आहेत. तिथे फाटकं मोजायची गरज नाही. तळमजल्यावर जिन्याशी सगळ्या गाळ्यांच्या नावांची पाटी असते, ती वहीत उतरवली की झालं. सी.ए., विमा, संगणकाच्या कंपन्या, क्लासेस. काम स्वच्छ, पण बहुतेकांची वेळ दहा ते सात, आणि शहरातली गर्दी पार करून जायचं. त्या टिकल्या मी लावल्या आणि तूर्त बाजूला ठेवल्या.

आता अंतराचं. कर्कटकाचं वर्तुळ किती खोटं बोलतं ते मला पुढच्या आठवड्यात कळलं. अंबडची एक हिरवी टिकली घरापासून साडेतीन किलोमीटर. दुपारी अकराला मी बारा मिनिटांत पोहोचले होते. तीच वाट पाळी सुटायच्या वेळी, दुपारी साडेतीनच्या पुढे, धरली तर सत्तावीस मिनिटं लागली. ट्रक, टेम्पो आणि घरी पळणारे हजारो मोटारसायकलवाले एकदमच रस्त्यावर. म्हणून काम धरण्याआधी त्या वाटेनं, त्याच वेळी, एकदा जाऊन यावं. आणि एकदा संध्याकाळी सातच्या सुमारास. मी ह्यांना घेऊन गेले. मागच्या बाजूच्या दोन गल्ल्यांत एकही दिवा लागत नव्हता. उंच भिंती, आणि कुत्री. त्या गल्ल्यांवर मी पेन्सिलीनं काळी रेघ मारली. त्यांतल्या तीन हिरव्या टिकल्या माझ्यापुरत्या बाद झाल्या. तिथे दिवसाची नोकरी चालली असती, पण "आज जरा थांबा" म्हणणारा मालक असतोच, आणि त्या दिवशी त्याच गल्लीतून यायचं असतं.

उरलेल्या दोन ऑफिसांच्या पाट्यांपैकी एकीनं मला थोडं सावध केलं. फोन केला तर पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, नोंदणीचे सातशे भरा, मग पत्ता देतो." सातशे रुपये मी याआधी एकदा एका एजंटाला देऊन बसले होते, त्या पैशांचं पुढे काय झालं ते देव जाणे. या वेळी मी फोन ठेवला. मग हे म्हणाले, "फाटकावर जीएसटीचा नंबर असायला हवा, तो बघ." ते खरं आहे. जीएसटीत नोंदणी असलेल्या प्रत्येक धंद्यानं आपल्या नावाच्या पाटीवर तो पंधरा आकडी-अक्षरी क्रमांक लावायचा असा नियम आहे. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात 27 नं होते. gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये हा क्रमांक घातला की नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे कुणालाही दिसतं. तिथे Active आहे का, आणि पत्ता तोच आहे का, एवढं पाहायचं. अगदी लहान धंद्याला नोंदणीची सक्ती नसते, त्यामुळे क्रमांक नाही म्हणजे लबाडच असं नव्हे. पण मोठ्या कंपनीचं नाव सांगायचं आणि क्रमांक दाखवायचा नाही, असं असेल तर पदर खोचून परत फिरावं.

दुसऱ्या पाटीवर पत्र्याची पॅनेल बनवणाऱ्या युनिटचं नाव होतं. नोंदणी चालू, पत्ता बरोबर. स्टँडमध्ये बावीस गाड्या, पैकी चार स्कूट्या. कधी जायचं याचा सल्ला मला आमच्या शाळेच्या हिशेबनीस बाईंनी दिला. "महिन्याच्या अकरा तारखेला आणि वीस तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात. त्या दिवसांत गेलात तर कुणी तोंड वर करून बघणार नाही. बावीस-तेवीसला जा. तेव्हा नुकतीच धांदल उडालेली असते. माणूस हवा हे मालकाला मनापासून पटलेलं असतं."

बावीस तारखेला अकरा वाजता गेले. अर्ज अर्ध्या पानाचा. "कोणतेही काम चालेल" असं न लिहिता तीन कामं लिहिली होती: नोंदवह्या नीट ठेवेन, मराठी-इंग्रजी पत्रं लिहीन, संगणकावर तक्ते भरेन. मालक साधारण पन्नाशीचे. त्यांनी चाळता चाळता विचारलं, "चलन म्हणजे काय, माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही. पण धोब्याची वही तेरा वर्षं ठेवते आहे. किती कपडे गेले, किती आले, कुठला हरवला."

ते हसले. "मग माहीतच आहे की!"

आणि खरंच काम तेच आहे. आमचा पत्रा रंगकामाला बाहेर जातो, परत येतो. गेला किती, आला किती, खराब किती, आणि कोणत्या चलनावर, याची नोंद. फरक एवढाच की धोब्याकडे हरवलेल्या ओढणीबद्दल सरकार विचारत नाही. बाहेर जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल मात्र वर्षाच्या आत परत आल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर तो विकला असं धरून त्यावर कर लागतो. म्हणून लहान युनिटला असा एक माणूस हवाच असतो, आणि ते पूर्ण दिवसाचं काम नसतं.

वेळ मी मागितली साडेदहा ते साडेचार. सकाळी माझे शाळेचे तास संपलेले असतात, आणि पाचला घरी पोहोचले की मुलगी यायच्या आत पाऊण तास हाताशी राहतो. पगार साडेदहा हजार. पेट्रोलचे महिन्याला साडेसहाशेच्या आसपास. हातात नऊ हजार आठशे पन्नास राहतात. तेरा हजारांच्या नोकरीत आठ हजार एकशे साठ राहत होते. कमी पगारात जास्त पैसे, आणि रोजचे चार तासांहून जास्त परत मिळाले. शनिवारी कारखाना बंद, म्हणून शाळेचे शनिवारचे तासही टिकले. फुकट गेलेल्या त्या पहिल्या फेरीनं मला हे आधीच सांगून ठेवलं होतं.

पण त्याच वाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कारखाना रविवारी चालू. ह्यांना सुट्टी, मुलीला सुट्टी, आणि मी डबा घेऊन निघालेली. पहिल्या दोन रविवारी मुलगी फुरंगटून बसली. आमच्या घरी रविवारी जेवणं एकत्र होतात, तेवढं एकच जेवण आठवड्यात एकत्र होतं. तिसऱ्या आठवड्यात मी मालकांशी बोलले. रविवारी रंगवाल्याकडून माल येतच नाही हे मला तोवर नोंदींवरून कळलं होतं, तेच दाखवलं. आता मी रविवारी साडेनऊ ते साडेबारा जाते आणि एक वाजता पानावर असते. हे भांडून मिळालं नसतं, वही दाखवून मिळालं.

नकाशाच्याही मर्यादा आहेत. तो जागा दाखवतो, उद्याची खात्री देत नाही. सगळा घोळका एका मोठ्या कंपनीवर जगत असेल, तर तिची ऑर्डर कमी झाली की भोवतीच्या दहा युनिटांत एकाच महिन्यात माणसं कमी होतात. म्हणून विचारून ठेवावं, "माल कुणाकुणाला जातो?" दोन-तीन नावं निघाली तर बरं. ठेकेदारामार्फत काम मिळत असेल तर आपलं नाव कुणाच्या हजेरीपटावर, ईएसआय आणि भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार, हे पहिल्याच दिवशी विचारावं. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्याला ईएसआय लागतो, वीस किंवा जास्त असतील तर निधी. स्टँडमधल्या गाड्या मोजलेल्या असल्या की समोरचा "आम्हाला लागत नाही" म्हणाला तर आपल्याला आपोआप कळतं.

माझं ऐकून सिन्नरच्या वन्संनीही नकाशा केला. त्यांची गंमतच झाली. पिशव्यांच्या एका कारखान्याची जाहिरात त्यांनी दोनदा पाहून सोडून दिली होती, कारण पत्ता इंग्रजीत "Malegaon MIDC" असा होता. त्यांना वाटलं, यंत्रमागांचं मालेगाव. शंभर किलोमीटरवर कोण जाणार! प्रत्यक्षात ते होतं माळेगाव, सिन्नरचंच, त्यांच्या घरापासून रिक्षानं पंधरा मिनिटांवर. इंग्रजीत 'ळ' नाही, त्यापायी बाईचा रोजगार बुडत होता. तिथे मुसळगावला सहकारी वसाहतही आहे. दोन्ही मिळून त्यांच्या नकाशावर आता चाळीस टिकल्या आहेत.

तुमच्या गावी पाट्या वेगळ्या असतील. आमच्याच जिल्ह्यात दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांची पॅकहाऊस आहेत, तिथे बायकांना काम भरपूर, पण हंगामापुरतं. येवल्याला पैठणीचे माग. कोल्हापूरकडे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि चांदीची हुपरी, इचलकरंजीला कापड. जळगावला चटया, पाइप, डाळीच्या गिरण्या. भिवंडीला गोदामंच गोदामं. कर्कटक मात्र आपल्याच घराच्या उंबऱ्यावर टेकवायचं.

वहिनींची सून उद्या येणार आहे. तिची मुलगी अजून लहान, तिला दुपारी एकपर्यंतच वेळ आहे. वायर-हार्नेसच्या त्या युनिटमध्ये अर्धा दिवस घेतात का, ते मी परवा गाड्या मोजता मोजता विचारून आले. दिवाळीनंतर घेऊ म्हणाले. त्या टिकलीच्या बाजूला मी पेन्सिलीनं तिचं नाव लिहून ठेवलंय. आणि विरजणाची वाटी झाकून ठेवलीय, तीही तिच्याच हाती पाठवीन.